व्हिडिओ नेमका चालवतंय कोण? कास्ट, छोटी खिडकी आणि बंद स्क्रीनवरचा आवाज



सातवीच्या वर्गात मी एकदा फोनवरून टीव्हीवर पचनसंस्थेचा व्हिडिओ दाखवत होतो. जठरापर्यंत पोहोचलो आणि टीव्हीच्या वरच्या कडेला घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा मेसेज झळकला. मजकूर चाळीस मुलांनी मोठ्याने वाचला. तो काय होता हे इथे सांगत नाही! नंतर कळलं की मी 'कास्ट' केलं असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात मी फोनचा पडदाच टीव्हीवर टाकला होता. या दोन गोष्टी बहुतेकांच्या मनात एकच असतात, कारण काही फोनमध्ये दोन्हीला सारखंच नाव असतं.

हा फरक समजायला एकच प्रश्न विचारायचा: या क्षणी व्हिडिओ नेमका चालवतंय कोण?

आधी पडदा टाकणं, म्हणजे मिररिंग. फोनच्या वरच्या पट्टीतून Smart View, Screen Cast किंवा नुसतं Cast दाबलं की फोन आपल्या स्क्रीनवर दिसेल ते सगळं सतत चित्रित करून टीव्हीला पाठवत राहतो. व्हिडिओ चालवतो फोनच. म्हणून मेसेज दिसतात, कॉल आला की तोही दिसतो, फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते आणि फोन लॉक केला की टीव्हीही बंद पडतो. नेटफ्लिक्ससारख्या काही अॅपमध्ये तर मिररिंग केल्यावर टीव्हीवर नुसता काळा चौकोन येतो. तो बिघाड नाही. नक्कल होऊ नये म्हणून त्या अॅपने तसा बंदोबस्त केलेला असतो.

खरं कास्ट वेगळं. ते अॅपच्या आतल्या चिन्हातून होतं, टीव्हीच्या चौकोनाच्या कोपऱ्यात तीन लहरी असतात ना, तेच. २०१३ मध्ये गूगलचं क्रोमकास्ट आलं तेव्हापासून ही पद्धत घराघरात पोहोचली. यात फोन आधी वायफायवर हाक मारतो, 'इथे कुणी टीव्ही आहे का?' टीव्ही आपलं नाव सांगतो. तुम्ही नाव निवडलं की फोन टीव्हीला व्हिडिओ पाठवत नाही, फक्त कोणता व्हिडिओ आणि कुठल्या मिनिटापासून एवढा निरोप देतो. टीव्हीवरचं अॅप उघडतं आणि तो व्हिडिओ टीव्ही स्वतः इंटरनेटवरून आणतो. तुमचा फोन आता फक्त रिमोट. लॉक करा, कॉल घ्या, खिशात टाका, वर्गाला काही कळत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: फोन लॉक करून बघा. चित्र चालू राहिलं तर कास्ट, थांबलं तर मिररिंग.

आता अडतं कुठे? सगळ्यात जास्त तक्रार असते, 'दोन्हीकडे नेट आहे, पण फोनला टीव्ही दिसतच नाही.' ती पहिली हाक एकाच वायफायच्या आत फिरते. फोन मोबाइल डेटावर आणि टीव्ही वायफायवर असेल तर ती पोहोचणारच नाही. शाळेत आणखी एक घोळ असतो. पाहुण्यांसाठीच्या वायफायवर जोडलेली यंत्रं एकमेकांना दिसू नयेत अशी राउटरमध्येच सोय केलेली असते. नेट सगळ्यांना मिळतं, पण यंत्रं शेजारी बसूनही एकमेकांना ओळखत नाहीत. अशा वेळी राउटरशी झटापट करू नका. टीव्हीवर यूट्यूब उघडा, सेटिंगमध्ये Link with TV code आहे, तिथे एक आकडा दिसेल. फोनच्या यूट्यूबमध्ये Settings मधल्या Watch on TV मध्ये तो आकडा टाका. ही जोडणी इंटरनेटवरून होते, एक वायफाय लागत नाही.

उलट तक्रारही असते. वर्गातली मोठी मुलं त्याच वायफायवर असतील तर त्यांच्याही फोनला तो टीव्ही दिसतो. मग मधेच क्रिकेट सुरू झालं तर टीव्हीला दोष देऊ नका. टीव्हीसाठी वेगळा पासवर्ड ठेवणं एवढाच खात्रीचा उपाय.

वायफाय नाही आणि फोनच्या हॉटस्पॉटवर टीव्ही जोडलाय, ही तर आपल्याकडची नेहमीची गोष्ट. टीव्ही 'स्वतः' नेटवरून व्हिडिओ आणतो हे खरं, पण त्याचं नेट म्हणजे तुमचाच डेटा. धरा, वीस मिनिटांचा व्हिडिओ आहे आणि तो सेकंदाला २ मेगाबिट घेतो. वीस मिनिटं म्हणजे १२०० सेकंद, म्हणून २४०० मेगाबिट. आठाने भागलं की ३०० एमबी. फोनवर बघताना एवढंच जातं, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण टीव्ही आपला मोठा पडदा पाहून जास्त स्पष्ट चित्र मागतो. सेकंदाला ५ मेगाबिट धरले तर तोच व्हिडिओ ७५० एमबी खातो. रोजच्या दीड जीबीतले निम्मे एका तासिकेत संपले! टीव्हीच्या रिमोटने प्लेअरमधल्या चाकाच्या चिन्हावर जाऊन 480p किंवा 720p निवडा. शेवटच्या बाकावरून काही फरक जाणवत नाही.

आता दुसरी गोष्ट, छोटी खिडकी, म्हणजे पिक्चर-इन-पिक्चर. व्हिडिओ कोपऱ्यात बारीक होऊन चालू राहतो आणि बाकी स्क्रीनवर आपण टिपणं काढू शकतो. अँड्रॉइड फोनमध्ये ही सोय २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून आहे, आयफोनवर २०२० पासून. इथे व्हिडिओ फोनच चालवतो, फक्त लहान जागेत. पण त्यासाठी दोन परवानग्या लागतात, एक फोनची आणि एक अॅपची. अॅप बनवणाऱ्याने 'माझं अॅप बारीक होऊ शकतं' असं आधीच लिहून दिलेलं असावं लागतं. नसेल तर होम बटण दाबलं की व्हिडिओ गुपचूप थांबतो.

नेमकं कोण अडवतंय हे तपासता येतं. फोनच्या Settings मध्ये Apps, मग Special app access, मग Picture-in-picture. काही फोनमध्ये नावं थोडी इकडेतिकडे असतील. तिथे त्या अॅपसमोरचं बटण बंद असेल तर दोष फोनच्या सेटिंगचा. चालू असेल आणि तरी खिडकी येत नसेल, तर एक प्रयोग करा. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल लावा आणि होम दाबा. कॉल कोपऱ्यात बारीक झाला, म्हणजे फोन ठणठणीत आहे आणि नकार त्या व्हिडिओ अॅपचा आहे. मॅप्सचा रस्ताही तसाच कोपऱ्यात येतो, एक रुपया न देता.

तिसरी गोष्ट पालकांना सगळ्यात हवीहवीशी वाटते. मुलाने गोष्ट ऐकावी, स्क्रीन बघू नये. फोन लॉक करावा आणि आवाज चालू राहावा. ही तांत्रिकदृष्ट्या तिन्हींत सोपी गोष्ट आहे. अॅप फोनला सांगतं, 'मी मागे काम करतोय, मला बंद करू नकोस,' आणि त्याची खूण म्हणून वरच्या पट्टीत गाण्याचं नाव आणि थांबवण्याचं बटण ठेवतं. आकाशवाणीचं न्यूज ऑन एआयआर अॅप फोन लॉक केल्यावरही बोलत राहतं, ते असंच. यूट्यूब हेच करू शकतं. पैसे भरणाऱ्यांसाठी करतंच.

मग फुकट का नाही? मला वाटतं, इथे यंत्र बाजूला ठेवून हिशेब बघावा. फुकट व्हिडिओचे पैसे जाहिरातदार देतो, ते कुणीतरी जाहिरात पाहिल्याबद्दल. स्क्रीन बंद असेल तर जाहिरात पाहिली कुणी? कास्ट फुकट का, याचंही उत्तर यातच आहे. जाहिरात टीव्हीवर दिसतेच, उलट सगळं घर बघतं. कंपनीचं काही जात नाही.

दुसरा हिशेब गाण्यांच्या हक्कांचा. म्युझिक कंपन्या व्हिडिओ दाखवण्याचा हक्क एका भावात देतात; स्क्रीन बंद ठेवून नुसतं गाणं ऐकवणं म्हणजे गाणी विकण्याच्या धंद्याशी सरळ स्पर्धा, त्याचा भाव वेगळा. अमेरिकेत २०१८ मध्ये यूट्यूबने अँड्रॉइडवर छोटी खिडकी फुकट खुली केली, पण गाण्यांचे व्हिडिओ त्यातून वगळले. त्याच फोनवर, त्याच अॅपमध्ये भाषण बारीक होतं आणि गाणं होत नाही. याला तांत्रिक कारण असूच शकत नाही. भारतात प्रीमियम २०१९ मध्ये महिना १२९ रुपयांना सुरू झालं आणि २०२४ मध्ये एका व्यक्तीसाठी १४९ झालं. त्या पैशांतला वाटा व्हिडिओ बनवणाऱ्यांना आणि गाण्याच्या मालकांनाही जातो, म्हणून ते ऐकू देतात.

पैसे भरूनही आवाज पाच मिनिटांत बंद पडतो, अशी तक्रार एका पालकांनी केली. तिथे दोष अॅपचा नव्हता. त्यांच्या फोनचा बॅटरी वाचवणारा बंदोबस्त मागे चाललेलं अॅप मारून टाकत होता. Settings मध्ये त्या अॅपच्या Battery मध्ये Unrestricted केलं आणि गोष्ट शेवटपर्यंत ऐकू आली.

फुकटात 'सगळं सुरू' करून देणारी बदललेली अॅप व्हॉट्सअॅपवरून फिरतात, त्यांच्याबद्दल स्पष्ट सांगतो: टाकू नका. प्ले स्टोअरबाहेरून आलेल्या त्या फाइलमध्ये कुणी काय घातलंय ते आपल्याला दिसत नाही, ती वर गूगल खात्याचा पासवर्ड मागते आणि त्याच फोनवर आपलं यूपीआय असतं.

सरळ वाटा आहेत. लॅपटॉपवर क्रोममध्ये यूट्यूबचा व्हिडिओ चालू करून त्यावर दोनदा राइट क्लिक करा, दुसऱ्या यादीत Picture in picture दिसेल. धडा तयार करताना मी हेच वापरतो, काही भरावं लागत नाही. झोपताना गोष्ट ऐकवायची असेल तर पॉडकास्ट शोधा. ती मुळातच ऐकण्यासाठी दिलेली असते, म्हणून बंद स्क्रीनवरही चालते.

आणि एक राहिलं. टीव्ही कोडने जोडलेला फोन वर्ग संपला तरी जोडलेलाच राहतो. दुसऱ्या दिवशी घरी बसून चुकून त्या टीव्हीचं नाव दाबलंत आणि तो चालू असेल, तर तुमची भाजीची रेसिपी शाळेत लागेल. टीव्हीवरच्या यूट्यूबच्या सेटिंगमध्ये जोडलेले फोन काढून टाकण्याची सोय आहे, परीक्षेच्या सुट्टीआधी तेवढं करून टाका.