धिंगरीला दुपारचं ऊन: किती वेळ, आणि त्यातून मिळतं किती

केळापूर तालुक्यात सोयाबीन निघालं की शेताच्या कडेला कुटाराचे ढीग लागतात. त्यातलं न भिजलेलं, बुरशी न लागलेलं कुटार धिंगरी आळिंबीच्या पिशव्या भरायला चालतं, आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने या पिकाला मानवतात. आता शहरातली गिऱ्हाइकं विचारू लागली आहेत की मशरूममध्ये ड जीवनसत्त्व असतं, हे खरं का? खरं आहे, पण एका अटीवर. अंधाऱ्या खोलीत वाढलेल्या आणि तशाच पाकिटात गेलेल्या धिंगरीत ते नावापुरतंच असतं. तोडणीनंतर तिला ऊन दाखवलं, तरच ते तयार होतं.

आळिंबीच्या पेशींत अर्गोस्टेरॉल नावाचा घटक असतो. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी ‘ब’ गटाचे किरण त्याच्यावर पडले की त्याचं ड-२ जीवनसत्त्व होतं. आपल्या त्वचेत उन्हामुळे ड-३ तयार होतं, त्याच जातीची ही क्रिया. आळिंबी तोडलेली असली तरी ती घडते, म्हणून पिशव्या बाहेर काढायची काहीही गरज नाही. उलट पिशवी उन्हात ठेवली तर आतली बुरशी तापते, कळ्या सुकतात आणि पुढची तोडणी हातची जाते.

ऊन कोणतं, हा इथला खरा प्रश्न. सकाळी आठचं कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण ‘ब’ गटाचे किरण त्यात फार थोडे असतात. सूर्य खाली असताना किरणांना हवेचा जाड थर ओलांडावा लागतो आणि हेच किरण वाटेत गाळले जातात. ओळखायची खूण सोपी आहे. उघड्यावर उभं राहून स्वतःची सावली बघावी. सावली उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कामाचं. पांढरकवड्यात डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी सव्वाबाराच्या सुमारास, आणि तेव्हाही सावली उंचीपेक्षा जेमतेम आखूड असते. म्हणजे त्या दिवसांत साडेअकरा ते एक एवढीच वेळ धरावी. फेब्रुवारीच्या अखेरीस भर दुपारची सावली जवळपास निम्म्यावर येते. तेव्हा वेळही जास्त मिळतो आणि उन्हात जोरही असतो.

किती वेळ ठेवायचं, याचा चांगला आधार जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून मिळतो. त्यांनी बटण मशरूमच्या चकत्या उन्हाळ्यातल्या दुपारी उघड्यावर ठेवल्या. पंधरा मिनिटांत १०० ग्रॅम ताज्या मशरूममध्ये सुमारे साडेसतरा मायक्रोग्रॅम ड-२ तयार झालं. तासाभराने ते साडेबत्तीसपर्यंत गेलं. पहिल्या पंधरा मिनिटांची कमाई पुढच्या पाऊण तासाच्या कमाईपेक्षा जास्त, हे यात ध्यानात घेण्यासारखं आहे. तिथल्या भर उन्हाळ्यात सूर्य जेवढा वर येतो, जवळपास तेवढा तो आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चच्या सांध्यावर येतो. डिसेंबरात आपलं ऊन त्याहून मवाळ. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पाऊण तास आणि फेब्रुवारीत अर्धा तास, हा हिशेब सावधपणे धरलेला आणि व्यवहारी आहे.

आता पाच किलोच्या एका तोडणीचं काम कसं चालावं ते पाहू. तोडणी सकाळी करावी, देठाला चिकटलेलं कुटार काढावं आणि घोस सोडवून पाकळ्या सुट्या कराव्यात. धुऊ नये. साडेअकराला गच्चीवर किंवा बाजेवर धुतलेलं सुती कापड पसरून त्यावर एकच थर मांडावा. धिंगरीची झालरीसारखी खालची बाजू वर यायला हवी. अमेरिकेतले आळिंबी अभ्यासक पॉल स्टॅमेट्स यांनी शिटाके जातीवर केलेल्या प्रयोगात झालर वर ठेवलेल्या मालात झालर खाली ठेवलेल्या मालाच्या चौपटीहून जास्त ड-२ मिळालं होतं. उलथंपालथं करत बसण्यापेक्षा सुरुवातीलाच नीट मांडणं बरं.

वर काही झाकू नये. खिडकीच्या काचेतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत. शेडनेट आणि कापडही त्यांना अडवतात, आणि पॉलिहाउसचा कागदही बहुतेक वेळा ते अडवतो. माशा येत असतील तर माणूस बसवावा. शेजारच्या कपाशीवर फवारणी चालू असेल, किंवा जिनिंगची रुई उडत असेल, तर त्या दिवशी माल उघड्यावर ठेवूच नये.

यात तोटाही आहे, आणि तो वजनात दिसतो. धिंगरी पातळ असते, तिच्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. कडा वळू लागल्या, पिवळसर झाल्या, की माल वेळेपेक्षा जास्त राहिला असं समजावं. वाऱ्याच्या दिवशी हे लवकर होतं. म्हणून उन्हात ठेवण्याआधी आणि नंतर वजन करून घट मांडून ठेवावी, भाव ठरवताना ती धरता येते. नंतर माल लगेच सावलीत गार करून पॅक करावा आणि थंड जागी ठेवावा. मात्र ड-२ किती तयार झालं ते डोळ्यांना, नाकाला, जिभेला कशालाच कळत नाही. ते फक्त प्रयोगशाळा सांगते. तपासणी अहवाल हातात नसताना पाकिटावर आकडा छापू नये. ‘दुपारचं ऊन दिलेली धिंगरी’ एवढं लिहिणं प्रामाणिकपणाचं.

खाणाऱ्याच्या पदरात काय पडतं? १०० ग्रॅम ताज्या धिंगरीत दहा मायक्रोग्रॅम धरू. शिजवताना थोडं जातं. तेलावर परतलं तर कमी, पाण्यात उकळून पाणी टाकलं तर जास्त. म्हणजे ताटात साडेसात-आठ उरतात. आयसीएमआरच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढाची रोजची गरज १५ मायक्रोग्रॅम आहे, तेव्हा एका वेळची भाजी त्या दिवसाची निम्मी गरज भागवते. पण आठवड्यातून दोनदाच भाजी केली तर आठवड्याच्या १०५ मायक्रोग्रॅमपैकी पंधराच मिळाले, म्हणजे सातवा हिस्सा. अंडी-मासे न खाणाऱ्या घरात हा हिस्साही मोलाचा आहे, कारण डाळी, भाज्या, फळं यांतून ड जवळपास मिळतच नाही आणि साध्या दुधात ते फार थोडं असतं. फोडणीच्या तेलामुळे ते अंगी लागायला मदत होते.

औषध म्हणून मात्र धिंगरी विकू नये. डॉक्टर कमतरतेसाठी आठवड्याला जी साठ हजार युनिटची पुडी देतात, ती दीड हजार मायक्रोग्रॅमची असते. भाजीच्या हिशेबात त्या सुमारे दोनशे वाट्या होतात. शिवाय ड-२ रक्तातली पातळी ड-३ इतकी टिकवून धरत नाही. ज्याची पातळी फार खाली गेली आहे, त्याला दवाखान्यातच पाठवावं.

वाळवलेल्या मालाचा हिशेब वेगळा करावा लागतो. दहा किलो ताज्या धिंगरीची वाळून जेमतेम एक किलो होते, त्यामुळे दहा ग्रॅम भुकटी म्हणजे १०० ग्रॅम ताजी भाजी. वाळवायची असेल तर ऊन आधी, ओली असतानाच द्यावं. सिंगापूरच्या प्रयोगांत सुमारे ऐंशी टक्के ओलावा असलेल्या धिंगरीत ड-२ सर्वांत जास्त तयार झालं होतं. त्यानंतर सावलीत किंवा ड्रायरमध्ये कुरकुरीत करून हवाबंद डब्यात ठेवावी. दोन-दोन दिवस उन्हातच वाळवण्याचा मोह टाळावा. स्टॅमेट्स यांच्या शिटाकेत दोन दिवस रोज सहा तास ऊन दिल्यावर १०० ग्रॅम वाळलेल्या मालात सुमारे ४६ हजार युनिट, म्हणजे साडेअकराशे मायक्रोग्रॅम ड-२ झालं होतं. त्याची दहा ग्रॅम भुकटी रोज घेतली तर प्रौढासाठी धरलेली दिवसाची १०० मायक्रोग्रॅमची वरची मर्यादा ओलांडली जाते. चमच्याने खायची भुकटी विकायची असेल, तर प्रत्येक घाणीची तपासणी झाल्याशिवाय ती बाजारात नेऊ नये.