संपादकांना पाठवायचं एक पान

बारावीनंतर लेखनाकडे वळू पाहणाऱ्या मुलांचे पालक मला बहुतेक एकच प्रश्न विचारतात: ओळख नसताना मासिकात छापून येतं का? येतं. त्यासाठी पूर्ण लेख पाठवण्याआधी संपादकांना एक पान पाठवायचं असतं. लेखाचा प्रस्ताव म्हणजे तेच. त्यात तीन गोष्टींची उत्तरं हवीत: नेमकं काय सांगणार, आत्ताच का, आणि तुम्हीच का. अमरावती-अकोल्याच्या मुलांना हे पान लिहिणं कठीण जातं. जवळ विषय नाहीत हे त्याचं कारण नाही. विषय इतके जवळचे असतात की त्यात सांगण्यासारखं काय आहे हेच दिसत नाही. म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ.

समजा, दर्यापूर तालुक्यातली एक मुलगी अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिचं गाव खारपाणपट्ट्यात येतं. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारं लागतं आणि ते पिकाला दिलं की जमीन बिघडते. तिला यावर लिहायचं आहे. पहिल्या झटक्यात ती लिहिते: ‘खारपाणपट्टा: समस्या आणि उपाय या विषयावर लेख पाठवू इच्छिते.’

असं पत्र संपादक बाजूला ठेवतात आणि ते बरोबर करतात. यात लेख कुठेच नाही, फक्त विषयाचं नाव आहे. अशा मथळ्याखाली ढीगभर मजकूर आधीच छापून आलेला आहे. आपलं पान इथेच अडकलं आहे का, हे ओळखायची एक सोपी चाचणी आहे. पत्रातलं गावाचं नाव खोडून दुसऱ्या जिल्ह्यातलं गाव घाला. पत्र तरीही खरं वाटत असेल, तर तुमच्याकडे अजून दृष्टिकोन नाही. ‘दुष्काळ: समस्या आणि उपाय’ जत तालुक्यालाही चालतं आणि म्हणूनच ते कुणालाच नको असतं.

मग दृष्टिकोन सापडतो कुठे? बहुतेक वेळा ज्या ठिकाणी चांगली गोष्ट कुणाला तरी परवडत नाही, तिथे. खारपाणपट्ट्यात शेततळं ही खरोखर चांगली गोष्ट आहे. पावसाचं गोड पाणी साठवायचं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात हरभऱ्याला द्यायचं. इथली काळी चिकण माती पाणी सहज मुरू देत नाही, त्यामुळे तळ्यातलं पाणी बरंच टिकतं. राज्य सरकारची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना 2016 मध्ये आली, आणि पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला. त्यात खारपाणपट्ट्यातली गावंही होती. इथपर्यंतची माहिती सरकारी पुस्तिकेत मिळते.

आता आपल्या मुलीने वहीवर हिशेब मांडला. 30 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद तळं म्हणजे 900 चौरस मीटर जागा, जवळपास 9 गुंठे. दोन एकर म्हणजे 80 गुंठे. म्हणजे दोन एकरवाल्याच्या वावराचा नववा हिस्सा तळ्यातच जातो. बांध आणि काढलेल्या मातीची जागा वेगळीच. दहा एकरवाल्याचे तेवढेच 9 गुंठे जातात, पण त्याला ते जाणवतही नाहीत. उलट बाजूही तिने तपासली. तीन मीटर खोल आणि उतरत्या काठांचं असं तळं भरलं, तर त्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावतं. एका एकरावर पाच सेंटीमीटर पाणी द्यायला दोन लाख लिटरच्या आसपास लागतं. काही पाणी वाफ होऊन गेलं, तरी दोन एकराला तीन-चार पाळ्या मिळू शकतात. म्हणजे तळं तोट्याचंच आहे असं नाही. इथे खरा प्रश्न उभा राहतो: दोन एकरवाला नववा हिस्सा सोडायला कधी तयार होतो, आणि कधी नाही? हा प्रश्न घेऊन गावात गेलं की वेगवेगळी उत्तरं मिळतील. लेख त्या उत्तरांचा होईल.

‘आत्ताच का’ याचं उत्तर लिहिताना मुलं सहसा ‘आजच्या काळात हा विषय अत्यंत महत्त्वाचा आहे’ असं लिहितात. या वाक्यातून संपादकांना काहीच कळत नाही. त्यांना तारीख हवी असते. ती कधी सरकारी निर्णयातून मिळते, कधी एखाद्या घटनेच्या वर्धापनदिनातून. शेतीच्या विषयात ती बहुधा हंगामातूनच मिळते. शेततळं जूनमध्ये कोरडं असतं, ऑगस्टमध्ये भरतं आणि दिवाळीच्या सुमारास त्याचं पाणी हरभऱ्याला लागतं. दिवाळी अंकात हा लेख यायचा, तर जूनमध्ये कोरडं तळं आणि ऑगस्टमध्ये भरलेलं तळं पाहूनच तो लिहावा लागेल. म्हणून पत्र मेमध्येच जायला हवं. दिवाळी अंकांची जुळवाजुळव तशीही उन्हाळ्यात सुरू होते. गणपतीत सुचलेला विषय त्या वर्षीच्या अंकात बसणं अवघड असतं.

आता ‘तुम्हीच का’. इथे वीस वर्षांची मुलं एकतर लाजतात, नाहीतर दहावीपासूनच्या बक्षिसांची यादी देतात. वक्तृत्व स्पर्धेतल्या प्रथम क्रमांकाचा शेततळ्याशी संबंध नाही, तो काढून टाका. या लेखासाठी उपयोगी पडेल एवढंच लिहा. आपल्या मुलीकडे ते भरपूर आहे. ती त्या गावात वाढली, माणसं तिच्याशी मोकळेपणी बोलतील. ती मृदाशास्त्र शिकते, म्हणून मातीचा अहवाल वाचू शकते. तिला सातबारा वाचता येतो. कधी काही छापून आलं असेल तर त्याचा एक नमुना जोडावा. नसेल, तर आपल्या लेखनाचा अंदाज येईल असा एक परिच्छेद पाठवावा.

आणखी एक गोष्ट इथेच लिहायची असते आणि ती सर्रास लपवली जाते. घरच्या वावरात अनुदानावर तळं झालं असेल, किंवा काका त्या योजनेच्या कामाचे ठेकेदार असतील, तर ते पहिल्याच पत्रात सांगा. त्यामुळे प्रस्ताव नाकारला जाण्याची शक्यता कमी असते. हीच गोष्ट छापून आल्यानंतर बाहेरून कळली, तर मात्र ते दार पुन्हा उघडत नाही.

या सगळ्यातून पत्र साधारण असं होईल:

‘मा. संपादक, सप्रेम नमस्कार. खारपाणपट्ट्यातलं 30 बाय 30 मीटरचं शेततळं दोन एकरवाल्या शेतकऱ्याच्या जमिनीचा नववा हिस्सा घेतं. तरीही काहीजण ते खोदतात, काहीजण नाकारतात. हा निर्णय घरात कसा होतो, यावर दिवाळी अंकासाठी सुमारे 2000 शब्दांचा लेख लिहू इच्छिते. दर्यापूर तालुक्यातल्या तीन कुटुंबांशी बोलेन: एकाने तळं खोदलं, एकाने नाकारलं, एकाने खोदून बुजवलं. खोदून बुजवणारं कुटुंब मिळालं नाही, तर दोनच कुटुंबांवर लिहीन आणि तसं आधी कळवेन. सहायक कृषी अधिकारी आणि एका मृदाशास्त्रज्ञाचं म्हणणं घेईन. जूनमध्ये कोरडी आणि ऑगस्टमध्ये भरलेली तळी पाहून 31 ऑगस्टपर्यंत लेख देईन. छायाचित्रं माझी असतील. मी याच तालुक्यातली असून अकोल्याला कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षात आहे. आमच्या घरी 2019 मध्ये अनुदानावर शेततळं झालं आहे, ते या तीन कुटुंबांत घेतलेलं नाही. लेखनाचा एक नमुना खाली देत आहे. हा प्रस्ताव सध्या फक्त आपल्याकडेच पाठवला आहे.’

या पत्रात खोदून बुजवणाऱ्या कुटुंबाबद्दलचं वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. जे अजून हाती नाही ते हाती असल्यासारखं तिने लिहिलं नाही, आणि नाही मिळालं तर काय करेन तेही सांगितलं. नवख्या लेखकाबद्दल संपादकांना मुख्य भीती असते ती याचीच, की कबूल केलेलं येणार नाही आणि अंकात चार पानं रिकामी राहतील.

हाच विषय कुठे पाठवायचा यावर पत्र बदलतं. ‘अ‍ॅग्रोवन’च्या वाचकाला तळ्याचं माप, खर्च आणि पाण्याच्या पाळ्या आधी लागतात. 1948 पासून निघणाऱ्या ‘साधना’ साप्ताहिकाच्या वाचकाला जमीन आणि योजना यांतला न्याय-अन्याय पाहायचा असतो. कृषी विभागाच्या ‘शेतकरी’ मासिकाला तंत्र हवं असतं. पत्राआधी त्या नियतकालिकाचे अलीकडचे तीन-चार अंक वाचनालयात बसून वाचलेच पाहिजेत. यावर मी अडून बसते, कारण न वाचता पाठवलेलं पत्र दुसऱ्या ओळीतच कळतं.

पाठवण्याच्या पद्धतीतही चुका होतात. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फाँटमधला मजकूर समोरच्या संगणकावर वाचता येईलच असं नाही. पत्र ईमेलमध्येच लिहा, वेगळ्या फाइलमध्ये नको. लेख स्वीकारल्यावर छायाचित्रं मूळ आकारात ईमेलने पाठवा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून साधी पाठवलेली लहान होऊन जातात आणि छापायला कमी पडतात. तीन आठवडे उत्तर आलं नाही, तर दोन ओळींची आठवण पाठवा. त्यानंतरही काही आलं नाही, तर पहिल्यांना तसं कळवून दुसरीकडे पाठवा. एकच पत्र एका वेळी पाच संपादकांना पाठवू नका. दोघांनी होकार दिला, तर एकाला फसवावंच लागतं.

पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगते. मराठी नियतकालिकांच्या मानधनावर घर चालत नाही. काही ठिकाणी मानधन मिळतच नाही. म्हणून प्रस्ताव मंजूर झाल्यावर आणि लिहायला बसण्याआधी मानधन आणि प्रवासखर्च याबद्दल नम्रपणे विचारावं, त्यात गैर काही नाही. मुलाने पदवी सोडून लेखक व्हावं असा सल्ला मी देत नाही. कृषी, कायदा, वैद्यक किंवा वाणिज्य शिकत असतानाच वर्षाला दोन-तीन लेख छापून आणणं जमण्यासारखं आहे. पुढे पत्रकारितेकडे वळायचं ठरलं, तर अमरावतीतच भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे, तिथे मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका करता येते. तिथे जाताना हातात छापून आलेले दोन लेख असले, तर मुलाखतीत बोलायला काहीतरी ठोस असतं.

पहिल्या पत्राला नकार येईल, हे धरून चाला. त्याच वेळी मुलाने गावी जाऊन तीन घरांत बसायचं म्हटलं, तर त्याला एसटीचं भाडं द्या आणि परीक्षेचं कारण सांगून अडवू नका. दोन दिवसांचं काम आहे ते.