आजी भाकरी थापते की थापायची?

प्रश्न : आजीच्या स्वयंपाकघरावर एक कविता लिहिली आहे, सोबत पाठवतो. लिहिताना कुठे ‘थापते’ आलं, कुठे ‘ठेवली’. आमच्या बैठकीत एकजण म्हणाले, काळांची सरमिसळ झालीय, एकच काळ धरा. दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, कवितेत एवढं चालतं. मी दोन्ही करून पाहिलं. सगळं भूतकाळात नेलं तर कविता गार पडते. सगळं वर्तमानात आणलं तर खोटी वाटते, कारण आजी आता नाही. कोणता काळ घ्यावा? आणि मुद्दाम बदलायचा असेल तर तो चुकून बदलल्यासारखा दिसू नये यासाठी काय करावं?
— एक वाचक, कराड

उत्तर : आधी तुमची कविता इथे देतो, म्हणजे इतर वाचकांनाही ती समोर ठेवता येईल.

आजीने चूल पेटवली
ओल्या लाकडांचा धूर घरभर होतो
मी उंबऱ्यात बसलो होतो
तवा तापतो
आजी भाकरी थापते
पहिली भाकरी तिने गाईसाठी ठेवली
भाकरी वेळेवर उलटली नाही तर करपते
आजीला जाऊन अकरा वर्षं झाली
चुलीच्या जागी आता गॅस आहे

कागदाच्या समासात प्रत्येक ओळीपुढे तिच्या क्रियापदाचा काळ लिहून काढा : भूत, वर्तमान, भूत, वर्तमान, वर्तमान, भूत. पहिल्या सहा ओळींत काळ चार वेळा बदलला. पण ओळी वाचताना बोलणारा माणूस मात्र जागचा हलत नाही. चूल पेटताना तो जिथून पाहतो, तिथूनच तवा तापताना पाहतो. बदलाला कारण नाही, म्हणून बैठकीतल्या गृहस्थांना ती सरमिसळ वाटली. त्यांचं निदान बरोबर आहे, फक्त ‘एकच काळ धरा’ हा उपाय अपुरा आहे.

सातवी ओळ मात्र या हिशेबात धरू नका. ‘उलटली नाही तर करपते’ हे नेहमीचं सत्य आहे. भाकरी तेव्हाही करपायची, आजही करपते. अशी ओळ पूर्ण भूतकाळातल्या कवितेतही वर्तमानातच राहते आणि कुणाला खटकत नाही. ‘अकरा वर्षं झाली’ हेही रूपाने भूतकाळी असलं तरी मोजणी आजच्या दिवसापासूनची आहे. बोलणारा तिथे आजमध्येच उभा आहे. क्रियापदाचं रूप एक सांगतं आणि बोलणाऱ्याची जागा दुसरंच सांगते, असं मराठीत बऱ्याचदा होतं. म्हणून समासात नुसतं रूप न लिहिता ‘हे कुठे उभं राहून बोललंय’ हेही लिहावं.

आता काळ कोणता निवडायचा ते पाहू. कवितेत काळ ठरवतो तो मुख्यतः बोलणाऱ्याला किती ठाऊक आहे हे. ‘आजीने चूल पेटवली’ म्हणणाऱ्याला पुढचं सगळं माहीत असतं : ती केव्हा गेली, चूल केव्हा मोडली. त्याच्या प्रत्येक ओळीवर शेवटाची सावली असते. ‘आजी चूल पेटवते’ म्हणणाऱ्याला पुढच्या ओळीत काय होणार याचा पत्ता नसतो. तो उंबऱ्यातला पोर आहे, धुराने डोळे चोळणारा. कीर्तनकार 1666 सालचं आग्र्याचं आख्यान लावताना ‘महाराज पेटाऱ्यात बसतात’ असं म्हणतो, तेव्हा समोर बसलेल्यांना गोष्टीचा शेवट पाठ असूनही श्वास रोखला जातो तो याचमुळे. वर्तमानकाळ शेवट बाजूला ठेवतो.

म्हणून तुम्हाला सगळी कविता वर्तमानात खोटी वाटली. तिच्यात आठ नंबरची ओळ तशीच होती. उंबऱ्यातल्या पोराला आजीच्या मरणाची तारीख ठाऊक असू शकत नाही. खोटेपणा वर्तमानकाळाचा नव्हता. एकाच तोंडून दोन वयांची माणसं बोलत होती.

यावर तोडगा शोधण्याआधी मराठीची एक खोड लक्षात घ्यायला हवी. ‘आजी भाकरी थापते’ ही ओळ साध्या भूतकाळात नेली की ‘आजीने भाकरी थापली’ होते. नुसता काळ बदलला नाही, वाक्याची मांडणीच बदलली. आजीला ‘ने’ चिकटला, आणि क्रियापद आजीला सोडून भाकरीच्या मागे गेलं. खात्री करायची तर भाकरीऐवजी लाडू घ्या. ‘आजी लाडू वळते’ याचं ‘आजीने लाडू वळला’ होतं; आजी बाई असून ‘वळला’ हे पुल्लिंगी रूप लाडवाचं आहे. सकर्मक क्रियापदांचा भूतकाळ बहुधा असा कर्माला धरून चालतो. त्यामुळे भूतकाळात गेलं की कवितेत झालेलं काम पुढे येतं आणि करणारी जरा मागे सरते. तुमची कविता ‘गार पडते’ असं तुम्हाला वाटलं, त्याला काही अंशी हे कारण असावं.

मात्रावृत्तात लिहिणाऱ्याला याचा आणखी एक फटका बसतो. ‘आजी भाकरी थापते’ या ओळीत 14 मात्रा आहेत, ‘आजीने भाकरी थापली’ मध्ये 16. ‘थापते’ आणि ‘थापली’ सारख्याच वजनाची आहेत; वाढलेल्या दोन मात्रा ‘ने’च्या आहेत. अकर्मक क्रियापदांत ही अडचण नाही. ‘तवा तापतो’ आणि ‘तवा तापला’ वजनानेही सारखे आणि मांडणीनेही. त्यामुळे घाईत काळ बदलणारा कवी बहुतेक अकर्मक ओळी बदलतो आणि सकर्मक तशाच सोडतो. नकळत झालेल्या सरमिसळीचा हा एक ओळखीचा नमुना आहे. तुमच्याकडे तो उलटा झालाय : ‘पेटवली’ आणि ‘ठेवली’ भूतकाळात राहिली, ‘होतो’ आणि ‘तापतो’ वर्तमानात.

पण मराठीकडे तिसरी वाटही आहे. ‘थापायची’. नेहमी घडत असलेल्या आणि आता थांबलेल्या गोष्टीचा हा काळ. व्याकरणात त्याला रीती भूतकाळ म्हणतात. ग्रंथात तो ‘थापत असे’ असा भेटतो, जुन्या वळणाच्या लेखनात ‘थापी’ असा, आणि घरात ‘थापायची’ असा. तुमच्या कवितेची बोली घरातली आहे, तेव्हा ‘थापायची’च घ्या. त्याचा मोठा गुण असा की ‘आजी भाकरी थापायची’ यात ‘ने’ लागत नाही. आजी होती तिथेच, तशीच राहते. ‘आजी भाकरी थापते’ शेजारी ‘आजी भाकरी थापायची’ ठेवा. दोन ओळींत फरक फक्त एका शब्दाच्या शेपटीचा, आणि तेवढ्यात माणूस आहे चा होता होतो. तुमच्या कवितेला जो बदल हवा आहे तो इथे आहे.

हे धरून मी कविता अशी मांडून पाहिली :

आजी चूल पेटवते
ओल्या लाकडांचा धूर घरभर
मी उंबऱ्यात, डोळे चोळत
तवा तापतो
आजी भाकरी थापते
पहिली भाकरी गाईसाठी बाजूला
वेळेवर उलटली नाही तर करपते, म्हणते

कोनाड्यात फुंकणी
ओट्यावर गॅस
आजी भाकरी थापायची

काय काय केलं ते सांगतो. पहिलं कडवं पूर्णपणे उंबऱ्यातल्या पोराचं ठेवलं, म्हणून ‘पेटवली’, ‘बसलो होतो’ आणि ‘ठेवली’ काढले. ‘बसलो होतो’ विशेष घातक होतं, कारण ते साध्या भूतकाळाच्याही मागे जातं. करपण्याची ओळ आजीच्या तोंडी दिली, त्यामुळे ती सुविचारासारखी कोरडी उरली नाही.

अकरा वर्षांची ओळ काढून टाकली. ‘थापायची’ने जे सांगितलं ते पुन्हा सांगितलं तर वाचकाला स्वतः कळण्याचा क्षण हिरावला जातो. ‘आता’ हा शब्दही काढला. काळ बदलताना ‘तेव्हा’, ‘आता’, ‘आज’ असे फलक लावायचा मोह होतो. क्रियापद काम करत असेल तर फलकाची गरज नसते, आणि करत नसेल तर फलक लावून ते सुधारत नाही.

कडव्यांमधली मोकळी जागा आणि तिच्यामागच्या दोन ओळी ही बिजागरी आहे. ‘कोनाड्यात फुंकणी’ या ओळीला क्रियापदच नाही. मराठीला हे सहज जमतं. वाचक ती ओळ जुन्याच स्वयंपाकघरात धरतो. पुढच्या ओळीतला गॅस दिसला की त्याच्या लक्षात येतं, आपण केव्हाच इकडे आलो आहोत. मग ‘थापायची’ येतं. थेट ‘थापते’वरून ‘थापायची’वर उडी मारली असती तर ती ठेच वाटली असती.

काळबदल मुद्दाम केलेला दिसावा यासाठी मी एवढंच पाहतो : तो एकदाच झालाय का, तो कडव्याच्या सांध्यावर किंवा क्रियापद नसलेल्या ओळीनंतर आलाय का, आणि ती एक ओळ मूळच्या काळात परत नेली तर कवितेचं काही हरवतं का. वर शेवटची ओळ ‘आजी भाकरी थापते’ अशी करून वाचा. तेव्हा आजी गेलेली नाही, तर गॅसच्या ओट्याशी अजून दिसते आहे. ती वेगळी, भासाची कविता झाली. अर्थ इतका बदलतो, म्हणजे त्या बदलाने आपली जागा कमावली आहे. तुमच्या मूळ कवितेत ‘तवा तापतो’च्या जागी ‘तवा तापला’ ठेवा, काहीच हरवत नाही. तो बदल चुकून झालेला.

काळ अनेकदा बदलायचा असेल तर मात्र त्याला ठेका हवा. एक कडवं तेव्हाचं, एक आत्ताचं, असं चाललं तर दुसऱ्या फेरीपर्यंत वाचकाला रीत कळते. तीच ये-जा एका कडव्याच्या पोटात झाली की वाचक अर्थ शोधायचं सोडून चुका शोधू लागतो.

जोडप्रश्न : ‘मी’च्या ओळींनाही हेच लागू आहे का?

उत्तर : तिथे एक गोष्ट अधिक आहे. ‘मी भाकरी थापते’ किंवा ‘थापतो’ म्हटलं की बोलणारी बाई की पुरुष ते लगेच कळतं. ‘मी भाकरी थापली’ म्हटलं की कळत नाही. ‘मी’ला ‘ने’ही लागत नाही आणि क्रियापद भाकरीचं होतं. उद्या आजीनंतर चुलीशी बसणाऱ्याची कविता लिहिलीत, तर तो नातू की नात हे केव्हा उघड करायचं तेही काळच ठरवेल. तुमच्या या कवितेत ‘मी उंबऱ्यात, डोळे चोळत’ या ओळीत ते झाकलेलंच आहे. ‘बसलो होतो’ गेल्यामुळे ते झाकलं गेलं. तसंच राहू द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.