बाटली रोज धुता, तरी वास का येतो?

बाटली रोज विसळता, तरी झाकण उघडताच कुबट वास येतो? मग बाटलीला दोष देऊ नका, झाकणातली रबरी रिंग काढून बघा. माझ्या मुलीच्या शाळेच्या स्टीलच्या बाटलीत हेच झालं. आतून चकचकीत, पण रिंग दातकोरणीने उचलली तर खालच्या खाचेत काळी रेघ. बुरशी. वास तिथूनच येत होता आणि मी महिनाभर बाटलीचा तळ घासत बसले होते.

आधी तपासा. बोट आतल्या कडेवरून फिरवा. बुळबुळीत लागलं तर जंतूंनी स्वतःभोवती चिकट थर केलाय. तो नुसत्या विसळण्याने जात नाही, घासावाच लागतो.

खर्च किरकोळ. लांब दांड्याचा ब्रश साधारण शंभर रुपयांत, खायच्या सोड्याची लहान पुडी वीस-तीसला. बाटली धुण्याच्या महागड्या गोळ्या नाही घेतल्या तरी चालतं.

आठवड्यातून एकदा असं करा. झाकण सुटं करा, रिंग आणि स्ट्रॉ काढा. सगळं साबणाने घासा. मग लिटरच्या बाटलीत दोन चमचे खायचा सोडा आणि गरम पाणी भरा. प्लास्टिकची असेल तर पाणी कोमटच घ्या. रिंग आणि झाकण वेगळ्या वाटीत त्याच पाण्यात बुडवा. चार तास किंवा रात्रभर ठेवा, बाटली उघडीच. सकाळी घासा, दोनदा धुवा. रिंग, झाकण, बाटली सगळं वेगवेगळं पालथं घालून पूर्ण वाळू द्या. ओली बाटली झाकण लावून कपाटात ठेवली, की पुन्हा तोच वास.

तोंड अरुंद आहे, ब्रश जात नाही? मूठभर तांदूळ, थोडं पाणी आणि साबण घालून एक मिनिट जोरात हलवा. जुन्या काचेच्या थर्मासमध्ये मात्र हे करू नका, आतली काच तडकू शकते.

पांढरा खरखरीत थर दिसला तर तो बोअरच्या पाण्यातला क्षार. त्यावर सोडा चालत नाही. एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी, तासभर. सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालू नका: दोन्ही एकमेकांना निकामी करतात आणि झाकण लावलं असेल तर गॅसने ते उडू शकतं. ब्लीच तर नकोच. त्याने स्टीलला खड्डे पडतात, आणि व्हिनेगरशी मिसळलं तर विषारी वायू सुटतो.

किती वेळा? नुसतं पाणी असेल तर रोज साबणाने. दूध, चहा, सरबत असेल तर त्याच संध्याकाळी रिंग काढून. इतकं करूनही रिंगचे काळे डाग जात नसतील, तर रिंगच बदला. अनेक कंपन्यांच्या रिंगा सुट्या मिळतात, त्यामुळे दुकानदार अख्खं झाकण गळ्यात मारत असेल तर आधी रिंगच मागा.