निरोपपत्रातील नाते

कर्ज विभागातील एका ज्येष्ठ अधिकारी महिला सेवानिवृत्त होत आहेत. निरोपपत्राचा मसुदा करणारा लिपिक ज्या विभागप्रमुखांच्या हाताखाली काम करतो, ते त्यांचे धाकटे बंधू. मसुद्याचे पहिलेच वाक्य असे उतरते : 'आमच्या आदरणीय साहेबांच्या भगिनी आज आपला निरोप घेत आहेत.' येथे रोख बदलला. निरोप बाईंचा, मान मात्र साहेबांचा झाला. शिवाय ऐकणाऱ्यांना त्यात वरिष्ठांची मर्जी राखण्याचा वास येतो, आणि तो बाईंनाच अधिक बोचतो.

ते वाक्य असे फिरवावे : 'कर्जाचा अर्ज नामंजूर करतानाही त्याचे कारण अर्जदाराला समोर बसवून समजावणाऱ्या आमच्या ताई आज सेवानिवृत्त होत आहेत.' हा गुण त्यांचा स्वतःचा. तो दुसऱ्या कोणाच्या पत्रात चिकटवता येत नाही. 'ताई' हे संबोधनही कार्यालयात रुळलेले असेल तरच वापरावे, अन्यथा 'मॅडम' पुरे.

नाते लपवू मात्र नये. सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट टाळली की ती अधिकच डोळ्यांत भरते. शेवटी एक वाक्य पुरते : 'घरी बंधूंना आता त्यांचा अधिक सहवास लाभेल.' 'पोकळी कधीही भरून निघणार नाही' हे शब्द मात्र शोकसभेचे. घरच्या माणसाला ते विशेष खटकतात.

सह्यांत विभागप्रमुखांची सही इतरांबरोबर, क्रमाने यावी. बंधू म्हणून जे सांगायचे, ते त्यांनी समारंभात स्वतः बोलावे.