आईचा पहिला बायोडाटा

ताई, आईला ‘अनुभव काय?’ असं विचारलं तर ती म्हणेल, ‘काही नाही गं, घरीच असते.’ त्यापेक्षा विचारा, ‘शाळेत खिचडी करायचीस, तेव्हा गेल्या गेल्या आधी काय करायचीस?’ मग ती सांगेल: तांदूळ मोजून घ्यायचे, ८० पोरांचं शिजवायचं, उरलेलं धान्य बाईंना सांगायचं.

साल आठवत नसेल तर खुणेवरून काढा. धाकटी पहिलीत गेली तेव्हा काम धरलं, म्हणजे २०११. ती आठवीत गेली तेव्हा सोडलं, म्हणजे २०१८.

आता लिहा: ‘स्वयंपाकी, शालेय पोषण आहार, जि. प. शाळा, २०११ ते २०१८. रोज ८० मुलांचा स्वयंपाक, धान्याचं मोजमाप.’

नाव आधार कार्डावर आहे तसंच घाला. शेवटी आईला वाचून दाखवा. जे तिला मुलाखतीत तोंडी सांगता येणार नाही, ते खोडा.