पाठ केलेले परीक्षेत का आठवत नाही?

परीक्षा जवळ आली की वस्तीतल्या घराघरांतून मोठ्याने वाचल्याचा आवाज येऊ लागतो. मूल एकच परिच्छेद दहा वेळा, वीस वेळा म्हणते. आईवडिलांना वाटते, पोरगं मेहनत घेतंय. आणि पेपरहून आल्यावर तेच मूल सांगते, "घरी सगळं येत होतं, तिथं आठवलंच नाही." मग घरातले कुणी म्हणते याचे लक्ष नसते, कुणी म्हणते याचे डोकेच कमी.

असा शेरा मारण्याआधी एक गोष्ट तपासून पाहा, असे आम्ही सुचवतो. वाचत असताना त्या मुलाचे मन त्या शब्दांचे नेमके काय करत होते? स्मरणाचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी पन्नास वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर घरातल्या अभ्यासाला थेट लागू पडते.

वरवरचे आणि खोलवरचे

कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठातले फर्गस क्रेक आणि रॉबर्ट लॉकहार्ट यांनी १९७२ साली एक विचार मांडला. एखादी गोष्ट किती टिकेल हे ती आपण किती वेळा पाहिली यावर फारसे ठरत नाही. ती पाहताना मनाने तिच्यावर किती खोल काम केले, यावर ठरते. याला 'प्रक्रियेचे स्तर' म्हणतात.

पुढे क्रेक आणि एन्डेल टुल्विंग यांनी हे करून पाहिले आणि १९७५ साली प्रसिद्ध केले. लोकांना एकेक शब्द क्षणभर दाखवायचा. शब्दाआधी एक प्रश्न विचारायचा. काही शब्दांसाठी प्रश्न असे, "हा मोठ्या लिपीत छापला आहे का?" त्यासाठी फक्त अक्षरांचा आकार पाहायचा. काहींसाठी असे, "याचे अमुक शब्दाशी यमक जुळते का?" म्हणजे आवाज पाहायचा. काहींसाठी असे, "हा शब्द या वाक्यात बसतो का?" इथे अर्थ पाहावाच लागतो. नंतर परीक्षा होईल हे लोकांना सांगितलेले नव्हते. शेवटी बऱ्याच शब्दांतून आधी पाहिलेले शब्द ओळखायला लावले. ज्यांचा फक्त आकार पाहिला होता, त्यांतला जेमतेम पाचातला एक शब्द ओळखता आला. जे वाक्यात बसवून पाहिले होते, त्यांतले दहापैकी नऊहून जास्त ओळखले गेले. यमकाचे शब्द मध्ये राहिले.

शब्द दाखवायला लागलेला वेळ सगळ्यांना सारखाच होता. फरक मनाने केलेल्या कामाचा होता. अशाच दुसऱ्या प्रयोगांत असेही दिसले, की अर्थाकडे लक्ष गेले तर "हे लक्षात ठेवायचे आहे" असे आधी बजावले काय आणि न बजावले काय, फारसा फरक पडत नाही. म्हणून नुसते "लक्षात ठेव रे" म्हणून मुलाला मदत होत नाही. त्याच्या मनाला अर्थाचे काम द्यावे लागते.

एक धडा घेऊन पाहू

समजा धड्यात वाक्य आहे: 'डेंग्यू एडिस डासाच्या मादीमुळे पसरतो. हा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा.' मूल हे वीस वेळा म्हणते. तोंडाला चाल लागते. हे काम आवाजाच्या पातळीवरचे झाले.

आता त्याच वाक्याला 'का' विचारा. आठवड्यातूनच का? महिन्यातून का नाही? कारण अंड्यातून अळी, अळीतून कोष आणि कोषातून डास व्हायला उबदार हवेत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. पाणी त्याआधी ओतून दिले तर अळी डास होण्याआधीच मरते. महिनाभर थांबलो तर तोवर डासांच्या दोन-तीन पिढ्या उडून जातात. मग दुसरा प्रश्न. पिंप नुसते रिकामे न करता आतून घासायचे का? कारण मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवते. ती अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने जिवंत राहू शकतात. पिंप पुन्हा भरले की पाण्याखाली जातात आणि फुटतात.

तिसरा प्रश्न घरचा आहे. आपल्याकडे हा डास का सापडतो? नळाला पाणी तासभर येते, म्हणून प्रत्येक दारात पिंप भरलेले असते, आणि सगळ्या पिंपांना झाकण नसते.

या तीन प्रश्नांना दहा मिनिटेही लागत नाहीत. पण आता 'आठवडा' हा शब्द डासाच्या वाढीशी, पिंपाच्या भिंतीशी आणि दारातल्या पाण्याशी बांधला गेला. एक दोरा सुटला तरी दुसरा हाती राहतो. मात्र जोडणी त्या गोष्टीच्या अर्थाशीच हवी. 'एडिस' शब्दाला एखादी गंमतीची गोष्ट चिकटवली तर कदाचित नाव आठवेल, पण कोरडा दिवस का पाळायचा हे त्यातून निघणार नाही. आणि मुलाने स्वतः लावलेले कारण पुस्तकाशी ताडून घ्यायला हवे. चुकीचा अर्थही तितकाच पक्का बसतो.

खूण जुळली तरच दार उघडते

इतके करूनही एक अडचण उरते. मनात असलेली गोष्टही वेळेवर सापडत नाही. टुल्विंग आणि डोनाल्ड थॉमसन यांनी १९७३ साली याचे कारण सांगितले. गोष्ट मनात साठवताना तिच्यासोबत ज्या खुणा साठवल्या गेल्या, त्याच खुणा समोर आल्या तर ती सापडते. याला 'संकेतन-विशिष्टता' असे जड नाव आहे. अर्थ सोपा आहे: गाठ ज्या दोऱ्याने बांधली, तोच दोरा ओढावा लागतो.

याचा एक छान प्रयोग आहे. पियानो म्हणजे कपाटाएवढे मोठे, सुरेल वाद्य. काही लोकांना वाक्य दिले, 'माणसाने पियानो उचलला.' इतरांना दिले, 'माणसाने पियानो सुरात लावला.' नंतर 'काहीतरी जड' अशी खूण दिली, तेव्हा पहिल्यांना पियानो चांगला आठवला. 'गोड आवाजाचे काहीतरी' म्हटल्यावर दुसऱ्यांना आठवला. पियानो जड आहे हे दुसऱ्यांनाही माहीत होतेच. पण वाक्य वाचताना त्यांच्या मनात वजन आलेच नव्हते.

आता आपल्या मुलाकडे या. त्याचा पाठ 'डेंग्यू' या शब्दापासून सुरू होतो. "डेंग्यूविषयी माहिती लिहा" असे आले तर गाडी चालू होते. पण पेपरात येते, "शास्त्रीय कारण लिहा: पाण्याची पिंपे आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावीत." किंवा येते, "फरक स्पष्ट करा: एडिस डास आणि अ‍ॅनॉफिलिस डास." इथे प्रश्न पिंपापासून किंवा मलेरियाच्या डासापासून सुरू होतो. ते दार मुलाने कधी उघडलेलेच नसते. म्हणून ते म्हणते, येत होते पण आठवले नाही. ते खोटे बोलत नसते.

उपाय असा. एका धड्याचे पाच-सहा प्रश्न वेगवेगळ्या टोकांकडून करायचे. एक रोगाकडून, एक डासाकडून, एक पिंपाकडून, एक फरकाचा, एक कारणाचा. आणि उत्तर पुस्तक मिटून लिहायचे. पेपर लिहून द्यायचा असेल तर सरावही लिहूनच हवा. तोंडाने सांगता येणे ही अर्धी तयारी झाली.

आजूबाजूची जागाही थोडी खूण होते. १९७५ साली डंकन गॉडन आणि अ‍ॅलन बॅडली यांनी पाणबुड्यांना ३६ शब्द ऐकवले, काही किनाऱ्यावर आणि काही पाण्याखाली. जिथे शिकले तिथेच आठवायला लावले तेव्हा अकरा ते तेरा शब्द आले. जागा बदलली तेव्हा आठच्या आसपास आले. नंतर पुन्हा केलेल्या प्रयोगात हा फरक दिसला नाही, म्हणून यावर फार भिस्त ठेवू नये. पण टीव्ही, भांडी आणि शेजारचा स्पीकर यांतच ज्याचा सगळा अभ्यास झाला, त्याने शांत जागी घड्याळ लावून दोन-चार जुने पेपर सोडवून पाहावेत. विहारातली अभ्यासिका किंवा शाळेची रिकामी खोली चालेल. एकाच कोपऱ्याला बांधून घेण्यापेक्षा दोन-तीन जागी अभ्यास केलेला बरा, म्हणजे आठवण एकाच जागेवर अवलंबून राहत नाही.

घोकंपट्टी अगदीच वाया जाते का?

नाही. १९७७ साली काही संशोधकांनी परीक्षाच यमकाची घेतली. तेव्हा अर्थाने शिकलेल्यांपेक्षा यमकाने शिकलेले पुढे गेले. म्हणजे खोल काम चांगले, पण शेवटी काय विचारले जाणार त्याच्याशी ते जुळायला हवे. पाढे, इंग्रजी स्पेलिंग, मूलद्रव्यांच्या संज्ञा, कवीचे नाव यांत 'का' विचारून फार काही हाती लागत नाही. ती नेमकी तशीच विचारली जातात, म्हणून तशीच पुन्हापुन्हा लिहून पक्की करावी लागतात.

घरी कसे ओळखायचे?

पुन्हा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात आणि मूल म्हणते, "येतं मला." पुस्तक समोर असते तेव्हा सगळ्या खुणा पुस्तकच पुरवत असते. खरी तपासणी दुसऱ्या दिवशी, पुस्तक मिटून होते.

हे काम न शिकलेली आई किंवा आजीही करू शकते. तिने तीन गोष्टी विचाराव्यात: "हे मला समजेल असं सांग." "असं का होतं?" "तसं केलं नाही तर काय होईल?" मूल पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवू लागले तर थांबवून म्हणावे, "तुझ्या शब्दांत सांग." ते अडखळले, की तिथेच धडा कच्चा आहे. तेवढाच भाग त्याने पुन्हा उघडून वाचावा, पुस्तक मिटावे आणि परत सांगावे. मग दोन दिवसांनी आईने तोच प्रश्न उलट्या टोकाकडून विचारावा: "पिंप घासायचं कशाला गं?"